मीटरभर जोडाची वीज

फॅब्रिकेशनच्या छोट्या वर्कशॉपमध्ये कोटेशन काढताना लोखंड किलोवर लावतात, रॉड पाकिटावर, कारागीर हजेरीवर. वीज मात्र अंदाजाने ‘वरखर्चा’त जाते. महिन्याचं बिल आलं की मालक जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनकडे बघून म्हणतो, हेच सगळं खातंय. ते किती खातं, कधी खातं आणि त्यातलं किती जोडात उतरतं, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. तो मांडला की संशयाची जागा बदलते.

उसाच्या ट्रॉलीची चासी घेऊ. चॅनलला चॅनल काटकोनात लागतो, त्या कोपऱ्यात ५ मिलीमीटर पायाचा फिलेट जोड भरायचा आहे. असा एक मीटर जोड भरायला, वरचा थोडा फुगवटा धरून, साधारण ११३ ग्रॅम धातू लागतो. ३.१५ मिलीमीटर जाडीचा, ३५० मिलीमीटर लांबीचा साधा ६०१३ रॉड घेतला, तर होल्डरमधलं थोटूक आणि उडालेले शिंतोडे वजा जाता एका रॉडमधून १६-१७ ग्रॅम धातू जोडात उतरतो. म्हणजे मीटरला सात रॉड. १२० अँपिअरला एक रॉड जळायला मिनिटभर लागतं, म्हणून आर्क पेटलेला असतो तोही सात मिनिटं.

१२० अँपिअरच्या आर्कवर सुमारे २५ व्होल्ट असतात. गुणाकार केला की ३ किलोवॅट. सात मिनिटांत आर्कने घेतलेली वीज होते ०.३५ युनिट, आणि ही रक्कम कुठल्याही मशीनवर जवळपास तेवढीच. फरक पडतो तो आर्कपर्यंत वीज पोचवताना. बरीच वर्षं चाललेल्या ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर मीटरवरून जातात ०.५४ युनिट. चांगल्या इन्व्हर्टर मशीनची ८२ टक्के धरली तर ०.४३. दहा रुपये युनिटने हा फरक रुपया-सव्वा रुपयाचा. एवढ्यासाठी मशीन बदलावं का, असा प्रश्न इथे रास्तच आहे.

पण सात मिनिटांचा आर्क सात मिनिटांत संपत नाही. रॉड बदलायचा, स्लॅग ठोकून काढायचा, गुण्या लावून बघायचं, चासी उलटी करायची. कामाच्या एकूण वेळेत पाव भाग आर्क पेटला तरी हात चांगला चालला म्हणायचा. म्हणजे त्या एका मीटरसाठी मशीन अठ्ठावीस मिनिटं चालू राहतं आणि त्यातली एकवीस मिनिटं होल्डर नुसता टांगलेला असतो. जुना ट्रान्सफॉर्मर त्या वेळेत घुमत राहतो. त्याचं हे रिकामं खाणं ४०० वॅट धरलं, तर मीटरमागे आणखी ०.१४ युनिट. इन्व्हर्टर ५० वॅटवर थांबतो, त्याचे जेमतेम ०.०२. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२३ पासून अशा मशीनना रिकामं चालताना ५० वॅटचीच मर्यादा घातली आहे. एकूण बेरीज ट्रान्सफॉर्मरला ०.६८ आणि इन्व्हर्टरला ०.४५ युनिट, म्हणजे पावणेसात रुपये विरुद्ध साडेचार.

खिडकीच्या ग्रिलचं काम घेतलं की चित्र आणखी पालटतं. तिथे २.५ मिलीमीटरचा रॉड, ८० अँपिअर, टॅक मारायचा आणि थांबायचं. एक मिनिट आर्क, नऊ मिनिटं जुळवाजुळव. ट्रान्सफॉर्मर त्या एका मिनिटात जेवढी वीज घेतो, त्याहून जास्त उरलेल्या नऊ मिनिटांच्या घुमण्यात घेतो. ग्रिलवाल्याच्या बिलात वेल्डिंगपेक्षा वाट पाहण्याची वीज मोठी असते, ही गोष्ट मला या साऱ्या हिशेबात सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण ती वाचवायला काही विकत घ्यावं लागत नाही, हाताशी एक स्विच लागतो.

आपल्या मशीनचा खरा आकडा काढणं सोपं आहे. विजेच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी imp/kWh असा आकडा छापलेला असतो. समजा तो १६०० आहे. बाकी सगळं बंद करून फक्त वेल्डिंग मशीन चालू ठेवा आणि मिनिटभर लुकलुक मोजा. दहा-अकरा वेळा झाली तर मशीन रिकामं ४०० वॅट खातंय. एखाददुसऱ्या वेळी झाली तर ५० च्या आसपास. क्लॅम्प मीटर लावून अँपिअरला व्होल्टने गुणण्याचा मोह टाळावा. ट्रान्सफॉर्मरवर तो गुणाकार आर्क पेटलेला असताना खऱ्या वॅटच्या जवळपास दुप्पट येतो, रिकाम्या वेळी त्याहूनही जास्त.

दुप्पट का, हे कळलं की बिलातला दुसरा खड्डा दिसतो. ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना ७० व्होल्ट देतो, आर्क पेटला की २५ च लागतात. मधले व्होल्ट तो वीज न जाळता आपल्या वळणांतल्या अडथळ्याने अडवून धरतो, पण लाइनवरून करंट मात्र ७० व्होल्टच्या हिशेबाने ओढतो. १२० गुणिले ७०, म्हणजे ८.४ केव्हीए, आणि प्रत्यक्ष काम ४.६ किलोवॅटचं. पॉवर फॅक्टर ०.५५. महावितरणचं २० किलोवॅटच्या आतलं औद्योगिक कनेक्शन असेल तर युनिट किलोवॅट-तासांत मोजलं जातं आणि हा ओढलेला करंट ऊर्जेच्या आकारात दिसत नाही. त्यावरच्या कनेक्शनला मोजणी केव्हीएएचमध्ये होते. तिथे, रिकाम्या वेळेचे दीड केव्हीए धरले तर, आपला एक मीटर जोड ट्रान्सफॉर्मरवर सुमारे १.५ युनिटला पडतो. इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर ०.७ धरला तरी त्याला ०.६४ लागतात. रोज १५ मीटर जोड आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर लहान कनेक्शनवर दोन मशीनमधला फरक साधारण साडेआठशे रुपयांचा, मोठ्यावर तीन हजारांच्या वर. म्हणून आधी बिल उलगडून kVAh छापलंय का ते पाहावं, मग मशीनची किंमत विचारावी. ट्रान्सफॉर्मरला योग्य मापाचा कपॅसिटर लावून यातला बराच भाग भरून निघतो. इन्व्हर्टरचा दोष वेगळा, त्याचा करंट तुकड्यातुकड्यांनी येतो. तो कपॅसिटरने सुधारत नाही.

केबलकडेही बघायला हवं. ३५ चौरस मिलीमीटरची तांब्याची केबल, जाऊन-येऊन ४० मीटर, तर १२० अँपिअरला ३०० वॅटच्या वर तिच्यातच तापतात. आर्कचा दहावा हिस्सा. अर्थिंगला क्लॅम्पऐवजी पट्टीचा तुकडा टेकवून ठेवला असेल तर अजून जास्त. मशीन बंद करून लग आणि सांधे हाताने चाचपावेत. जिथे चटका बसतो तिथे वीज गळते.

तरीही रॉड आणि मजुरीच्या मानाने वीज लहानच राहते. कारागिराचा तास शंभर रुपये धरला, तर त्या अठ्ठावीस मिनिटांचेच ४७ होतात. म्हणून तिन्ही खर्च एकदम हलवणारी गोष्ट शेवटी बघायची: पायाचं माप. ‘जरा दणकट मार’ म्हटलं की ५ चा पाय सहज ७ होतो. जोडाचं क्षेत्रफळ मापाच्या वर्गाने वाढतं, २५ वरून ४९. सात रॉडचे चौदा होतात, अठ्ठावीस मिनिटांची जवळपास छप्पन्न. आणि ज्या मीटरला नव्या इन्व्हर्टरवर ०.४५ युनिट लागायचे, त्याला ०.८७ लागतात, जुन्या ट्रान्सफॉर्मरवर ५ मिलीमीटरचा जोड ०.६८ मध्ये होत होता.