टवका अर्ध्या मिलिमीटरहून कमी, घट पाचव्या हिश्शाची

पांढरकवड्याच्या सराफाकडे एखादा शेतकरी बोटातली अंगठी काढून ठेवतो. सव्वापाच रत्तीचा पुखराज, आठ-दहा वर्षं तर्जनीत घातलेला. वरच्या सपाट भागावर बारीक ओरखडे आलेत आणि कोंदणाच्या कडेला एक लहानसा टवका उडालाय. त्याचा प्रश्न सरळ असतो. ‘भाऊ, हा पुन्हा नीट होईल का, अन् झाला तर किती भरेल?’ पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं. दुसऱ्याचं उत्तर टवका किती खोल आहे आणि कुठे आहे, यावर ठरतं. अशी एक अंगठी उदाहरणादाखल घेऊन तो हिशेब पायरीपायरीने करून पाहू.

आधी ओरखडे कुठून आले ते. कपाशीच्या शेतातल्या धुळीने पुखराजाला ओरखडा पडत नाही. धुळीत वाळू असते, म्हणजे गारगोटीचा भुगा, आणि गारगोटीचा कठीणपणा १ ते १० च्या मोजपट्टीवर ७ आहे. पुखराज ९ वर आहे. पेरिडॉटसारखा साडेसहा-सातचा खडा या धुळीनेच मंद होतो, पुखराज होत नाही. पण विळा-कोयत्याला धार लावायचा निसणा घ्या. हल्ली बाजारात मिळणारा निसणा बहुधा कार्बोरंडमचा असतो आणि कार्बोरंडम पुखराजाहूनही कठीण आहे. अंगठी न काढता धार लावली की खडा निसण्यावर घासला जातो. वेल्डिंगच्या दुकानातलं ग्राइंडरचं चाकही तेच करतं. हिऱ्याची अंगठी आणि पुखराज एकाच डबीत टाकले तरी हिरा पुखराजाच्या पैलूंच्या धारा खातो.

टवक्याचं कारण वेगळं. कठीण म्हणजे मजबूत नव्हे. पुखराज घासला जायला अवघड, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या हुकावर हात आपटला तर त्याची कड फुटते. खड्याची सगळ्यात पातळ जागा म्हणजे त्याची कंबर, जिथे वरचे आणि खालचे पैलू भेटतात. सराफ तिला गर्डल म्हणतात. टवके बहुधा तिथेच उडतात.

दुरुस्तीतलं पहिलं काम खडा कोंदणातून काढणं. सोन्याखाली टवका किती आत गेलाय ते कोंदणात असताना दिसत नाही, आणि वजनही करता येत नाही. काढल्यावर दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली टवक्याच्या टोकापासून आत एखादी चीर गेली आहे का ते पाहतात. चीर असेल तर घासताना ती वाढू शकते आणि खडा दोन तुकड्यांत येऊ शकतो. मग तोलकाट्यावर कॅरेटमध्ये दोन दशांशापर्यंत वजन, व्हर्निअरने लांबी, रुंदी, उंची, आणि आतल्या खुणांसकट फोटो. हे सगळं ग्राहकाच्या पावतीवर लिहून घ्यावं. खड्याच्या आतल्या पिसासारख्या किंवा सुईसारख्या खुणा ही त्याची ओळख असते. परत आलेला खडा तोच आहे हे त्यावरून कळतं.

आपला खडा अंडाकृती आहे. लांबी ११ मिमी, रुंदी ९, उंची ६. अशा घाटाचं वजन अंदाजायची एक सोपी रीत आहे. लांबी-रुंदीची सरासरी काढायची, तिचा वर्ग करायचा, त्याला उंचीने, मग घनतेने गुणायचं आणि शेवटी ०.००२ ने. पुखराजाची घनता ४. म्हणून १० × १० × ६ × ४ × ०.००२ = ४.८ कॅरेट. ज्योतिषाच्या खड्यांच्या बाजारात रत्ती साधारण ०.९१ कॅरेटची धरतात, म्हणजे हा खडा ५.२७ रत्ती. सव्वापाच. (सोनं तोलायची जुनी रत्ती याहून हलकी. कोणती रत्ती चालली आहे ते आधी विचारावं, नाहीतर घट नसतानाही घट दिसेल.)

आता पहिला पर्याय, नुसतं पॉलिश. वरच्या सपाट पैलूचं, म्हणजे टेबलाचं क्षेत्रफळ या खड्यात सुमारे २८ चौरस मिमी आहे. ओरखडे जायला ०.०५ मिमी, साधारण केसाच्या जाडीइतका थर काढावा लागला, तर जातात ०.०३ कॅरेट. टेबलाभोवतीचे उतरते पैलूही झिजले असतील आणि सगळाच वरचा भाग तेवढा उतरवला, तर जातात ०.०९ कॅरेट, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडं कमी. सव्वापाचचा खडा ५.१८ रत्ती भरेल. नुसत्या ओरखड्यांसाठी कोणी दहा टक्के घट सांगितली, तर ती जास्त आहे.

टवक्याचा हिशेब असा चालत नाही. समजा, टवका कंबरेवर, लांब बाजूला, ०.४ मिमी आत गेलाय. तो घालवायचा तर तिथली कड ०.४ मिमी आत आणावी लागेल. पण एवढ्यावर भागत नाही. खड्याच्या वरच्या आणि खालच्या बाजू उतरत्या आहेत, त्यामुळे कड आत आणली की कंबर जाड होते. जाड कंबर म्हणजे बोजड दिसणारा खडा. ती पातळ करायला वरचे पैलू आत सरकवावे लागतात आणि खालचे पैलू वर. म्हणजे कडेचं ०.४ मिमी काढताना दोन्ही उतारांवरूनही थर निघतो.

हे सगळ्या बाजूंनी केलं, घाट जसाच्या तसा ठेवून, तर खडा १०.२ × ८.२ मिमीचा आणि उंची ५.६४ मिमीची होते. वरच्याच रीतीने वजन काढा. ३.८२ कॅरेट, म्हणजे ४.२ रत्ती. घट वीस टक्क्यांची, पाचवा हिस्सा. अर्ध्या मिलिमीटरहून कमी टवका, आणि सव्वापाचचा खडा सव्वाचारवर आला. कारण वजन लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींवर एकदम अवलंबून असतं. तिन्हीतून थोडंथोडं गेलं की एकूण बरंच जातं.

म्हणून जाणता कारागीर आधी मधली वाट शोधतो. टवका असलेली एकच बाजू ०.४ मिमी आत आणायची, बाकी कंबर तशीच ठेवायची. रुंदी ८.६ होते, उंची किंचित उतरते. वजन सुमारे ४.४६ कॅरेट. त्यात वरच्या भागाच्या पॉलिशचे ०.०९ गेले की उरतात ४.३७ कॅरेट, ४.८ रत्ती. घट नऊ टक्के. एक बाजू दुसरीपेक्षा थोडी सपाट दिसते, पण कोंदणात बसल्यावर ते नजरेत येत नाही. टवका आणखी उथळ असेल तर तिथे एक छोटा जादा पैलू पाडूनही काम भागतं, आणि तेव्हा घट एक टक्क्याच्याही आत राहते. टवका सोन्याखाली झाकून जाईल अशा बेताने खडा फिरवून बसवणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. मात्र ज्याला खंडित खडा घालायचा नाही, त्याला तो पटणार नाही.

हे काम सहसा पांढरकवड्यात होत नाही. सराफ खडा नागपूरला इतवारीच्या सराफ्यात देतो, आणि पुष्कळदा तिथून तो जयपूरला जातो. कारागीर खडा एका काडीच्या टोकाला लाखेने चिकटवतो आणि हिऱ्याची भुकटी बसवलेल्या फिरत्या चकतीवर टेकवतो. पुखराज घासायला हल्ली हिराच वापरतात. आधी खरखरीत चकतीवर पैलू बसवायचे, मग बारीक चकतीवर खरखर घालवायची, आणि शेवटी तांब्या-कथलाच्या चकतीवर अतिशय बारीक हिरेभुकटीने चमक आणायची. टप्पा घाईने उरकला तर मागच्या चकतीचे चरे चमकेखाली राहून जातात.

याच वेळी आणखी एक प्रश्न निघतो. वरून पाहिल्यावर खड्याच्या मधोमध चमक न दिसता खालची कातडी दिसते का? तसं असेल तर खालच्या पैलूंचा उतार फार उथळ आहे. पुखराजात तो साधारण ४० ते ४२ अंशांचा असावा. ३४ अंशांच्या खाली गेला की उजेड परत न येता आरपार निघून जातो. पुन्हा कापताना हे सुधारता येतं, पण त्यासाठी आणखी वजन द्यावं लागतं. द्यायचं की नाही, हे मालकाने आधी सांगावं. नाहीतर कारागीर वजन वाचवायच्या बाजूने जाईल आणि मधला तो आरपार दिसणारा भाग तसाच राहील.

वजन देऊन तेज घेण्याचा हा सौदा किती टोकाला जातो, याचं आपल्याकडचं उदाहरण नाशिकच्या हिऱ्याचं. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा हा हिरा पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये, इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा तो सुमारे ८९.७५ कॅरेटचा होता. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी मूळ घाटाच्या आसपास राहून तो पुन्हा कापवला. उरले ७८.६ कॅरेट, घट सुमारे बारा टक्के. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने घाटच बदलला आणि हिरा ४३.३८ कॅरेटवर आला. या दुसऱ्या वेळी पंचेचाळीस टक्के वजन गेलं. जेवढं कमी नव्याने कापाल तेवढी कमी घट, जेवढं जास्त तेवढी जास्त, हे अंगठीतल्या खड्यालाही तसंच लागू आहे.

पुखराजाचा हा हिशेब पन्ना आणि माणकाला मात्र जसाच्या तसा लावू नये. पन्न्यात नैसर्गिक चिरा भरपूर असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून तेल भरलेलं असतं. लाखेच्या उष्णतेने ते तेल निघून चिरा उघड्या पडतात, म्हणून पन्ना थंड गोंदाने चिकटवतात. त्यातल्या टवक्याची खोली चिरेच्या शेवटापर्यंत धरावी लागते, त्यामुळे घट आधी सांगणं कठीण. स्वस्त माणकात पुष्कळदा चिरा काचेने भरलेल्या असतात. काच माणकाहून खूप मऊ, ती आधी झिजते आणि पृष्ठभागावर खळगे उरतात. असा खडा पुन्हा कापण्यात पैसा घालू नये.

परत आलेला खडा कसा पाहायचा? तोलकाट्यावर ठेवा आणि पावतीशी ताडा. मग ट्यूबलाइटखाली धरून टेबलात तिचं प्रतिबिंब पाडा. रेषा सरळ राहिली तर टेबल सपाट आहे, लाटेसारखी हलली तर घासताना हात डळमळला. भिंगाखाली पैलूंच्या धारा चाकूच्या पात्यासारख्या तीक्ष्ण हव्यात, साबणाच्या वडीसारख्या गोल नकोत. जुनं प्रमाणपत्र आता चालणार नाही, कारण त्यावरचं माप आणि वजन बदललं. आणि जुनं कोंदण सैल होणार, ते नव्याने बांधावं लागेल.

राहिला सव्वापाचचा प्रश्न. नुसतं पॉलिश केलं तर खडा पाचच्या वर राहतो, पण टवका तसाच. एक बाजू आत आणली तर पावणेपाचच्या थोडा वर. सगळ्या बाजू आत आणल्या तर सव्वाचार. कारागिराला खडा देण्याआधी यातला कोणता आकडा आपल्याला चालेल ते पावतीवर लिहून घ्यावं, कारण चकतीवर गेलेली रत्ती परत येत नाही.