बॉनेटवरची लाट

नव्या गाडीच्या बॉनेटवर शोरूममधल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं, तेव्हा ती रेघ एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत संथपणे वळत जायला हवी. ती मध्येच अंग चोरून वाकडी झाली, तर पत्र्यात काहीतरी गडबड आहे हे चित्रकला न शिकलेल्या माणसालाही कळतं. बोट फिरवलं तर मात्र काहीच लागत नाही. ही गडबड बहुतेक वेळा पत्रा ठोकताना होते, पण कधी कधी ती त्याच्या कितीतरी आधी, संगणकावर आकार काढतानाच शिरलेली असते. तिचं कारण ऐकायला उलटं वाटतं: आकार नेमका यावा म्हणून काढणाऱ्यानं गरजेपेक्षा जास्त बिंदू घातलेले असतात.

राइनो हे असे आकार काढायचं सॉफ्टवेअर. सिएटलच्या रॉबर्ट मॅकनील अँड असोसिएट्स या कंपनीनं त्याची पहिली आवृत्ती 1998 मध्ये आणली. बोटी, दागिने, चपला, इमारतींची छपरं, गाड्यांचे भाग अशा वळणदार वस्तू काढणाऱ्यांमध्ये ते चांगलंच रुजलेलं आहे. राइनोतली वक्ररेषा नर्ब्स नावाच्या गणितावर चालते. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे आणि इथे त्याची गरज नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच की ही रेषा आपण घातलेल्या बिंदूंमधून जात नाही. दोन टोकांचे बिंदू सोडले तर बाकीचे रेषेच्या बाहेर, हवेत असतात आणि तिथून रेषेला आपल्याकडे ओढतात. यांनाच कंट्रोल पॉइंट म्हणतात.

एकेक बिंदू रेषेला किती लांबपर्यंत ओढतो, हे ठरवते ती डिग्री. राइनोत `Curve` ही आज्ञा दिली की सहसा डिग्री 3 ची रेषा निघते. डिग्री 1 म्हणजे सरळ तुकड्यांची रेघ. डिग्री 2 मध्ये वर्तुळ आणि लंबवर्तुळ अचूक बसतात. 3 आणि 5 या मोकळ्या वळणांसाठी. डिग्रीपेक्षा किमान एक बिंदू जास्त लागतो: डिग्री 3 ला चार, डिग्री 5 ला सहा. डिग्री 3 ठरवून तीनच बिंदू टिचकावले, तर राइनो गुपचूप डिग्री 2 ची रेषा देतं.

किमान संख्येइतकेच बिंदू असतील तर संपूर्ण रेषा एकसंध असते. रेनॉ कंपनीचे अभियंते पिएर बेझिए यांनी 1960 च्या दशकात मोटारींचे पत्रे आखण्यासाठी वापरली ती हीच. त्याच सुमारास सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनीही स्वतंत्रपणे तिचं गणित मांडलं होतं. बिंदू याहून वाढवले की रेषा तुकड्यांची होते. तुकड्यांची संख्या काढायचा हिशोब सोपा: बिंदूंतून डिग्री वजा करायची. डिग्री 3 आणि सात बिंदू म्हणजे चार तुकडे, त्रेसष्ट बिंदू म्हणजे साठ तुकडे. या तुकड्यांना स्पॅन म्हणतात आणि दोन स्पॅन जिथे जुळतात त्या जागेला नॉट. मधला प्रत्येक बिंदू डिग्रीपेक्षा एक जास्त इतक्या स्पॅनवर हुकूम चालवतो. म्हणजे डिग्री 3 मध्ये चार स्पॅनवर. त्यापलीकडच्या रेषेला त्याचा पत्ताही नसतो.

आता बॉनेटकडे येऊ. समजा, त्याच्या आडव्या छेदाची रेषा 1200 मिलिमीटर लांब आहे आणि तिची वक्रता 2 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाइतकी, म्हणजे अगदी मंद. एकानं ही रेषा डिग्री 3 आणि सात बिंदूंत काढली. तिचा प्रत्येक स्पॅन 300 मिलिमीटरचा. दुसऱ्यानं फोटो मागे ठेवून, त्यावर बारकाईनं टिचक्या मारत त्रेसष्ट बिंदूंत काढली. त्याचा स्पॅन 20 मिलिमीटरचा. दोघांच्याही हातून मधला एक बिंदू अर्धा मिलिमीटर खाली गेला. फोटोवरून आखताना एवढी चूक व्हायचीच, कारण पडद्यावर ती दिसतही नाही.

दोन्ही रेषा मध्यावर सारख्याच खाली येतात: त्या अर्ध्या मिलिमीटरचा दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे 0.33 मिलिमीटर. खोली सारखीच असली, तरी परिणाम अगदी वेगळा होतो. सात बिंदूंच्या रेषेत ही उतरण पूर्ण 1200 मिलिमीटरवर पसरते आणि मध्यावरची त्रिज्या 2000 ची 2045 मिलिमीटर होते. हा फरक कोणाच्याही लक्षात येणार नाही. त्रेसष्ट बिंदूंच्या रेषेत तीच उतरण अवघ्या 80 मिलिमीटरमध्ये कोंबली जाते. तिथे रेषा फुगायची थांबते आणि उलट आत वळते. 2 मीटर त्रिज्येच्या फुगवट्यात 500 मिलिमीटर त्रिज्येचा खळगा तयार होतो आणि त्याच्या दोन्ही कडांना जेमतेम 570 मिलिमीटर त्रिज्येचे उंचवटे उठतात.

असं होण्याचं कारण एका भागाकारात आहे. बिंदूच्या चुकीमुळे वक्रता किती बदलेल, हे काढताना त्या चुकीला बिंदूंमधल्या अंतराच्या वर्गानं भागावं लागतं. अंतर निम्मं केलं की तीच चूक चौपट बोचते. 300 ऐवजी 20, म्हणजे अंतर पंधरा पटींनी कमी, म्हणून परिणाम 225 पट. आणि प्रतिबिंबाच्या वळणावळणात दिसते ती ही वक्रताच, खोली नव्हे. म्हणून बोटाला न लागणारा खळगा डोळ्याला खुपतो. शिवाय एका बिंदूचीच ही गोष्ट. त्रेसष्टपैकी प्रत्येक बिंदू थोडा थोडा चुकलेला असतो, कधी वर कधी खाली, आणि सगळी रेषा बारीक लाटांनी भरून जाते.

जहाजं बांधणाऱ्यांना हे संगणकाच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. ते लाकडाची लवचिक पट्टी जमिनीवर वाकवून, शिशाच्या वजनांनी जागोजागी धरून जहाजाच्या रेषा आखत. त्या पट्टीला स्प्लाइन म्हणत, आणि नर्ब्समधला शेवटचा शब्द तिथूनच आला. वजनं कमी ठेवली की पट्टी स्वतःच्या ताठपणानं गोड वळण घेई. बोटभर अंतरावर वजनं ठेवली की ती वजन ठेवणाऱ्याच्या हाताचा थरथराट दाखवी.

मग डिग्री वाढवून सुटका होईल का? पुष्कळ जणांना तसं वाटतं आणि ते अर्धंच खरं आहे. डिग्री 3 मध्ये नॉटपाशी वक्रता तुटत नाही, पण ती वाढण्या-घटण्याचा वेग तिथे झटक्यानं बदलतो. डिग्री 5 मध्ये हा बदलही सलग होतो, म्हणून चकाकणाऱ्या पृष्ठभागांसाठी जाणकार सहा बिंदूंची डिग्री 5 पसंत करतात. पण साठ बिंदू टाकले तर डिग्री 5 चीही गत तीच. रेषा नितळ राहते ती बिंदूंमधल्या अंतरामुळे. डिग्री फक्त सांध्याची काळजी घेते.

रेषेतला दोष पृष्ठभागात कसा फोफावतो ते पाहण्यासारखं आहे. बॉनेटसाठी तीन छेद काढले आणि `Loft` आज्ञेनं त्यांच्यावर पृष्ठभाग ताणला, असं धरू. तिन्ही रेषा डिग्री 3 च्या, पण एकीत सात, दुसरीत आठ, तिसरीत दहा बिंदू. एकेकटी पाहिली तर तिन्ही नीटनेटक्या. पण पृष्ठभागाला एका दिशेत एकच बांधणी लागते, म्हणून राइनो तिन्ही रेषांचे नॉट एकत्र करतं. आतले नॉट अनुक्रमे तीन, चार आणि सहा. एकही दुसऱ्यावर पडत नाही, म्हणून एकूण तेरा. म्हणजे चौदा स्पॅन, म्हणजे सतरा बिंदू. तेही समान अंतरावर नाहीत. कुठे खेटून, कुठे ऐसपैस. कोणीही सतरा बिंदू मागितले नव्हते. दुसऱ्या पृष्ठभागावर प्रक्षेपित केलेल्या, छेदून मिळालेल्या किंवा स्कॅनवरून आलेल्या रेषा घेतल्या, तर हा आकडा शेकड्यांत जातो.

रोग ओळखायला राइनोत साधनं आहेत. `What` म्हटलं की निवडलेल्या वस्तूची डिग्री आणि बिंदूंची संख्या समोर येते. मंद वळणासाठी तीन आकडी संख्या दिसली की पुढे पाहायचीही फारशी गरज नसते. `CurvatureGraph` रेषेवर केस उभे करतं. वक्रता जास्त तिथे केस लांब. केसांची टोकं एका संथ कमानीत हवीत. ती करवतीसारखी वर-खाली झाली, तर लाटा आहेत. केस रेषेच्या दुसऱ्या बाजूला पडले, तर तो उलटा खळगा. पृष्ठभागासाठी `Zebra` आहे. ते काळे-पांढरे पट्टे उमटवून शोरूमची ट्यूबलाइटच पडद्यावर आणतं. एक सावधगिरी मात्र हवी: पडद्यावरचं रंगीत चित्र बारीक सपाट चकत्यांचं बनवलेलं असतं आणि त्या मोठ्या असतील तर निर्दोष पृष्ठभागही खडबडीत भासतो. आधी त्या जाळीची घनता वाढवावी, मग निदान करावं.

उपाय करताना पृष्ठभागाला हात लावण्याआधी रेषांकडे परत जावं. तिन्ही रेषा निवडून `Rebuild` द्यावं, डिग्री 5 आणि सहा बिंदू सांगावेत. ही आज्ञा नवी रेषा जुनीपासून जास्तीत जास्त किती सरकली तेही दाखवते. 1200 मिलिमीटरच्या रेषेत ती अर्धा मिलिमीटर सरकली, तर बहुधा चालेल, कारण जुन्या रेषेतला तेवढा भाग हाताचा थरथराटच होता. पाच मिलिमीटर सरकली तर आधी मधले बिंदू हातानं हलवून पाहावेत, आणि तरीही जमलं नाही तर सातवा बिंदू द्यावा. सगळ्या रेषांची बांधणी सारखी झाली की `Loft` पुन्हा करावं. आता पृष्ठभागालाही त्या दिशेत तेवढेच बिंदू मिळतात.

या काटकसरीलाही मर्यादा आहे. बॉनेटच्या कडेला पत्रा अचानक मुडपतो, तिथे 10 मिलिमीटरची त्रिज्या असते. सहा बिंदूंत मंद कमान आणि ही मुडप दोन्ही बसत नाहीत. नवशिके इथेच कडेजवळ बिंदू पेरतात आणि ते बिंदू पृष्ठभागाच्या रुंदीभर आडव्या रांगांनी पसरतात, कारण नर्ब्सच्या जाळीत एकाच कोपऱ्यापुरती रांग घालता येत नाही. अनुभवी माणूस तिथे पृष्ठभागच तोडतो. मोठी कमान वेगळी, कडेची पट्टी वेगळी, आणि दोघांमध्ये `BlendSrf` नं ताणलेला अरुंद सांधा. तीन पृष्ठभाग झाले, पण प्रत्येकात मोजकेच बिंदू. `Zebra` चे पट्टे सांध्यावरून तुटल्याशिवाय आणि कोपरा न करता गेले, की मग तो भाग साच्यासाठी पाठवायचा.