पक्षांतराचे कोडे आणि संशोधनाचा प्रश्न

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात लघुप्रबंधासाठी विषय मागितले की गोव्यात एक शीर्षक हमखास पुढे येते : ‘गोव्यातील पक्षांतराचे राजकारण’. शीर्षक सुटसुटीत आहे, साहित्य मुबलक आहे, विषयही जिव्हाळ्याचा आहे. परंतु तो अजून केवळ विषय आहे, प्रश्न नव्हे. विषयावर माहिती कितीही गोळा करता येते आणि ती कोठे थांबवावी हे कळत नाही. प्रश्नाचे तसे नसते. कोणती माहिती हवी आणि कोणती नको, हे प्रश्नच ठरवतो. विषयापासून प्रश्नापर्यंत आणि प्रश्नापासून गृहीतकापर्यंतची वाट कशी चालावी, हे याच उदाहरणाच्या आधारे पाहता येईल.

पहिल्या खेपेस प्रश्न बहुधा असा लिहिला जातो : ‘गोव्यात एवढी पक्षांतरे का होतात?’ यात दोन उणिवा आहेत. ‘एवढी’ म्हणजे कोणाच्या तुलनेत, हे स्पष्ट नाही. आणि उत्तरादाखल सत्तालोभ, पैसा, तत्त्वशून्यता अशी कोणतीही यादी देता येते. सत्तालोभ सर्वच राज्यांत आढळतो. जी गोष्ट सर्वत्र सारखीच आहे, ती एका ठिकाणच्या वेगळेपणाचे कारण ठरू शकत नाही. म्हणून संशोधनाचा प्रश्न नेहमी फरकाविषयी विचारावा : काही विधिमंडळ पक्ष सामूहिकरीत्या दुसऱ्या पक्षात जातात आणि काही जात नाहीत, असे का?

प्रश्न असा मांडताच ज्याचे स्पष्टीकरण हवे ती गोष्ट हाती लागते. तिला अवलंबी चल म्हणतात. तिचे मूल्य दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असावे, अशी अभ्यासकाची अपेक्षा असते. ‘चल’ म्हणजे एका प्रकरणात एक आणि दुसऱ्या प्रकरणात वेगळे मूल्य घेणारी गोष्ट. येथे ती दोनच मूल्ये घेते : सामूहिक पक्षांतर झाले, अथवा झाले नाही. मात्र ‘पक्षांतर’ या शब्दाची मर्यादा आधीच आखून घ्यावी लागते. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन-तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरणास संमती दिली, तर त्यांना अपात्रतेपासून संरक्षण मिळते. आमदारकीचा राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षातर्फे पोटनिवडणूक लढवणे हा निराळा मार्ग आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये गोव्यातील काँग्रेसच्या दोन आमदारांनी राजीनामे देऊन भाजपची वाट धरली, ती याच मार्गाने. हे दोन्ही मार्ग एकाच गणतीत घातले तर दोन निराळ्या गोष्टींचे एकच कारण शोधण्याची वेळ येते. म्हणून येथे अवलंबी चल ‘दोन-तृतीयांश सदस्यांचे सामूहिक विलीनीकरण’ एवढ्यापुरताच ठेवू. तपासायचे एककही त्यामुळे निश्चित होते : एका विधानसभेच्या कार्यकाळातील एक विधिमंडळ पक्ष. एकटा आमदार किंवा सबंध राज्य हे आपले एकक नव्हे.

आता कारणाचा शोध. ज्या गोष्टीमुळे अवलंबी चलात फरक पडतो असे अभ्यासकाला वाटते, ती स्वतंत्र चल. प्रथम डोळ्यांसमोर येतो तो कायदा. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मुभा दिली होती; २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि दोन-तृतीयांशांचे विलीनीकरण तेवढे उरले. हे कारण पटण्याजोगे वाटते. परंतु अभ्यास २००३ नंतरच्या काळापुरता असेल, तर कायदा सर्व राज्यांना सारखाच लागू आहे. म्हणजे त्या अभ्यासात तो चल नाही, स्थिरांक आहे. त्यामुळे कोणत्या पक्षात विलीनीकरण घडते आणि कोणत्या पक्षात घडत नाही, हा फरक एकट्या कायद्याने उलगडत नाही. किती जण जातात यावर मात्र त्याची छाप स्पष्ट दिसते. गोव्यात मार्च २०१९ मध्ये मगो पक्षाच्या तीनपैकी दोन, जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. तीनही वेळा आकडा कायद्याला लागतो तेवढाच आहे.

याच निरीक्षणातून पहिले गृहीतक सुचते. गृहीतक म्हणजे दोन चलांच्या संबंधाविषयीचे, पुराव्याने खोटे ठरू शकेल असे विधान. ते असे लिहिता येईल : ‘विधिमंडळ पक्ष जितका लहान, तितकी त्याच्या सामूहिक विलीनीकरणाची शक्यता अधिक.’ येथे स्वतंत्र चल आहे विधिमंडळ पक्षाची सदस्यसंख्या. केवळ संबंध सांगून भागत नाही. कारणापासून परिणामापर्यंतची साखळीही सांगावी लागते. ती अशी : पक्ष तीन जणांचा असेल तर दोघांचे मन वळवणे पुरते, साठ जणांचा असेल तर चाळिसांचे वळवावे लागते. जितकी माणसे अधिक, तितकी बोलणी लांबतात, गुप्तता टिकणे अवघड होते आणि प्रत्येकाला काही देणे महाग पडते.

दुसरे गृहीतकही तितकेच सयुक्तिक आहे. एक्याण्णवाव्या दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. पण ती मर्यादा बारापेक्षा खाली जाणार नाही, अशीही तरतूद ठेवली. चाळीस सदस्यांच्या गोवा विधानसभेत पंधरा टक्के म्हणजे सहा. तरीही बारा मंत्री होऊ शकतात, म्हणजे सभागृहाच्या तीस टक्के. दोनशे सदस्यांच्या राजस्थानात तीस मंत्री होतात, ते पंधरा टक्केच. म्हणून म्हणता येईल : ‘सभागृह जितके लहान, तितकी विलीनीकरणाची शक्यता अधिक, कारण तेथे प्रत्येक आमदारामागे मंत्रिपदाची संधी मोठी असते.’ येथे स्वतंत्र चल आहे सभागृहाचा आकार.

ही दोन गृहीतके सहज एकमेकांत मिसळतात, कारण लहान सभागृहात पक्षही बहुधा लहानच असतात. गोव्यापुरते पाहिले तर दोन्ही खरी वाटतील आणि कोणते खरे हे कधीच कळणार नाही. त्यांना वेगळे करायचे तर जेथे दोघांचे भाकीत निराळे निघते, अशी प्रकरणे शोधावी लागतात. राजस्थानात सप्टेंबर २०१९ मध्ये बहुजन समाज पक्षाचे सहाही आमदार काँग्रेसमध्ये गेले. सभागृह मोठे, पक्ष लहान. हे पहिल्या गृहीतकाशी जुळते, दुसऱ्याशी नाही. उलट अरुणाचल प्रदेशात सप्टेंबर २०१६ मध्ये काँग्रेसच्या चव्वेचाळीसपैकी त्रेचाळीस आमदारांनी मुख्यमंत्र्यांसह पक्ष सोडला. सभागृह साठ जणांचे, म्हणजे लहान. पक्ष मात्र त्यातला सर्वांत मोठा. हे पहिल्या गृहीतकाला अडचणीत आणते.

येथपर्यंत आल्यावर नवख्या अभ्यासकाकडून एक चूक फार सहज होते. तो अशी उदाहरणे वाढवत नेतो : सिक्कीममध्ये २०१९ साली तेरापैकी दहा, तेलंगणात त्याच वर्षी अठरापैकी बारा, मेघालयात २०२१ साली सतरापैकी बारा. यादी मोठी झाली की गृहीतक सिद्ध झाल्यासारखे वाटते. पण या यादीत केवळ विलीनीकरण झालेलेच पक्ष आहेत. अवलंबी चलाचे एकच मूल्य तेवढे निवडले गेले आहे. लहान पक्ष फुटले हे दिसते. किती लहान पक्ष अभंग राहिले, हे दिसतच नाही. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे : गोळा केलेल्या तक्त्यातील अवलंबी चलाचा स्तंभ वरपासून खालपर्यंत वाचावा. त्यात सर्वत्र ‘होय’ असेल, तर तुलना झालेलीच नाही.

उपाय असा की प्रकरणे परिणाम पाहून न निवडता आधी ठरवलेल्या कक्षेतून घ्यावीत. उदाहरणार्थ, दोन किंवा तीन राज्यांतील २००३ नंतर निवडून आलेल्या विधानसभांमधील दोन किंवा अधिक आमदारांचे सर्व विधिमंडळ पक्ष. एका आमदाराचा पक्ष वगळावा, कारण तेथे ‘सामूहिक’ या शब्दालाच अर्थ उरत नाही. अशी कक्षा घेतली की न फुटलेले पक्षही समोर येतात. २०१७ च्या गोवा विधानसभेत मगोप्रमाणेच गोवा फॉरवर्डचेही तीन आमदार निवडून आले होते. मगोचे दोघे भाजपमध्ये विलीन झाले. गोवा फॉरवर्डमध्ये असे सामूहिक विलीनीकरण झाले नाही. सभागृह तेच, काळ तोच, संख्याही तीच. परिणाम मात्र निराळा. म्हणजे लहान आकार विलीनीकरणास सोयीचा असला, तरी तो एकटा पुरेसा नाही, एवढे या एका जोडीवरून कळते.

मोजमापातही एक खाचखळगा आहे. २०१७ मध्ये गोव्यात काँग्रेसचे सतरा आमदार निवडून आले. जुलै २०१९ मध्ये ते पंधरा होते. मधल्या काळात काही जण गेले आणि पोटनिवडणुकांनीही संख्या बदलली. मग पक्षाचा आकार सतरा धरायचा की पंधरा? कारण हे परिणामाच्या आधी मोजले गेले पाहिजे. आधीच्या गळतीमुळे लहान झालेला पक्ष ‘लहान म्हणून फुटला’ असे म्हणणे म्हणजे परिणामालाच कारणाच्या जागी बसवणे होय. निवडणूक निकालाच्या दिवशीची संख्या सर्व प्रकरणांत सारखी वापरावी, हे अधिक सुरक्षित.

शेवटी, या दोन चलांखेरीज तिसरे काही दोघांमागे उभे नाही ना, हे पाहावे लागते. विरोधी बाकांवरील पक्ष अनेकदा लहान असतात आणि मंत्रिपदाचे आकर्षणही विरोधकांनाच अधिक असते. तेव्हा आकाराचा म्हणून जो परिणाम दिसतो, तो प्रत्यक्षात विरोधात बसण्याचा असू शकतो. म्हणून विरोधी पक्षांची तुलना विरोधी पक्षांशीच करावी; यालाच तो चल नियंत्रित ठेवणे म्हणतात. मगो विलीनीकरणाच्या वेळी सत्तेत भागीदार होता आणि अरुणाचलचे आमदार तर स्वतःच सत्तारूढ होते, याची नोंद येथे वेगळी ठेवावी लागेल.

एवढ्या छाननीनंतर आरंभीचे शीर्षक असे रूप घेते. प्रश्न : ‘२००३ नंतर निवडून आलेल्या गोवा आणि राजस्थान विधानसभांत विरोधी विधिमंडळ पक्षाच्या आकाराचा त्याच्या सामूहिक विलीनीकरणाशी कोणता संबंध दिसतो?’ गृहीतक : ‘निकालाच्या दिवशी लहान असलेल्या विरोधी पक्षांत, मोठ्या विरोधी पक्षांच्या तुलनेत, विलीनीकरणाचे प्रमाण अधिक असेल.’ दोन्ही राज्यांत हे प्रमाण सारखेच आढळले किंवा उलटे दिसले, तर गृहीतक सोडून द्यावे लागेल, आणि ही अटही प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात लिहून ठेवावी. आमदारांचे हेतू नैतिक होते की नाही, याचे उत्तर या अभ्यासातून मिळणार नाही. कोणत्या परिस्थितीत मतदारांनी दिलेला कौल अधिक सहजपणे फिरवला जातो, एवढे मात्र पुराव्यानिशी सांगता येईल.