फोन तिचा, खातं कुणाचं?

आजचं बोलणं फोनबद्दल आहे. गेल्या महिन्यात आमच्या एका गटातल्या ताईच्या घरी जे घडलं, तेच तुम्हाला सांगते. तिला विचारूनच सांगतेय, नाव मात्र घेत नाही.

ही ताई लग्नाला दोन वर्षं झालेली सून. तिला दिवस गेले होते, पण तिसऱ्या महिन्यात पोटात दुखायला लागलं. घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून तिने यूट्यूबवर शोधलं, ‘तिसऱ्या महिन्यात पोटात दुखणे’. दुसऱ्या दिवशी सासूबाई आपल्या फोनवर अभंग लावायला बसल्या. शोधायच्या चौकटीवर बोट ठेवलं तर खाली तेच वाक्य आलं. सासूबाईंना वाटलं, सुनेने आपला फोन घेतला. सुनेला वाटलं, सासूबाईंनी आपला फोन तपासला. खरं तर कुणीच कुणाच्या फोनला हात लावला नव्हता.

पुढे तो गर्भ राहिला नाही. आणि त्यानंतरही दोघींच्या फोनवर बाळाच्या दुपट्यांच्या, दुधाच्या पावडरच्या जाहिराती येतच राहिल्या. ती मला म्हणाली, “ताई, मी विसरायचं म्हणते, पण हा फोन विसरू देत नाही.”

मी दोघींचे फोन हातात घेतले. जीमेल उघडलं, वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवलं. दोन्ही फोनवर एकच ईमेल निघाला, आणि तो होता तिच्या नवऱ्याचा! फोन घेतले त्या दिवशी दुकानातल्या मुलाने घाईत एकाच गूगल खात्यावर घरातले तिन्ही फोन सुरू करून दिले होते. मैत्रिणींनो, खातं म्हणजे एक वही. फोन तीन असले तरी वही एकच, म्हणून सगळ्यांचं लिहिणं एकाच वहीत आणि ते सगळ्यांना दिसणार. म्हणून पहिलं काम हेच. आजच आपल्या फोनवर तो गोल उघडा आणि खाली कुणाचा ईमेल आहे ते वाचा.

ईमेल दुसऱ्याचा निघाला तर फोनच्या सेटिंगमध्ये खात्यांच्या भागात जाऊन Add account वरून स्वतःचं नवं खातं काढता येतं. पण जुनं खातं लगेच काढून टाकू नका. फोनमधले नंबर बहुतेक वेळा त्या खात्यात साठवलेले असतात, खातं काढलं की तेही फोनवरून जातात. व्हॉट्सअॅपच्या जुन्या निरोपांची साठवणही त्याच खात्यात असू शकते. आधी नंबर नव्या खात्यात कॉपी करा, व्हॉट्सअॅपच्या बॅकअपला नवा ईमेल द्या, मग जुनं खातं काढा. नव्या खात्याचा पासवर्ड घरच्या वहीत लिहू नका, आणि तो दुसऱ्याकडून टाकून घेऊ नका.

आता त्या वहीत काय काय लिहिलं जातं ते पाहू. जीमेलमधल्या त्याच गोलाखाली Manage your Google Account असं लिहिलेलं असतं. त्यात गेल्यावर वर काही नावं आडवी दिसतात, त्यातलं Data & privacy निवडा. फोन मराठीत असेल तर शब्द मराठीत दिसतील, पण जागा त्याच. थोडं खाली सरकलं की तीन नोंदी दिसतात. Web & App Activity म्हणजे गूगलवर आणि त्याच्या अॅपमध्ये आपण काय शोधलं, काय उघडलं त्याची नोंद. YouTube History म्हणजे यूट्यूबवर काय शोधलं, काय पाहिलं त्याची. आणि Timeline म्हणजे आपण कुठे कुठे गेलो त्याची.

यातल्या Web & App Activity वर बोट ठेवा. तिथे Turn off आहे. त्यावर दाबलं की दोन पर्याय येतात, आणि इथेच बहुतेक जणी फसतात. नुसतं Turn off केलं तर आजपासून पुढचं लिहिणं थांबतं, पण मागची सगळी पानं तशीच राहतात. Turn off and delete activity केलं तर मागचंही पुसलं जातं. नळ बंद केल्याने टाकीतलं पाणी जात नाही, तसंच हे. पुसलेलं परत आणता येत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. यूट्यूबच्या नोंदीसाठीही हेच करायचं, पण ते वेगळं करावं लागतं. एक बंद केलं म्हणून दुसरं बंद होत नाही.

सगळी नोंद बंद करायची नसेल तरी चालतं. आमच्या ताईला कापूस आणि शिवणकामाचे व्हिडिओ परत सापडायला हवे होते. मग आम्ही दोन गोष्टी केल्या. My Activity नावाच्या पानावर वर शोधायची जागा असते, तिथे आम्ही ‘महिन्यात’ हा शब्द टाकला, तेव्हा त्या दिवशीच्या नोंदी समोर आल्या. तेवढ्याच पुसल्या. दुसरं, Auto-delete मध्ये तीन महिने निवडले. तिथे तीन, अठरा आणि छत्तीस महिने असे पर्याय असतात. त्याहून जुनं झालेलं आपोआप पुसलं जातं.

काम झालं की नाही हे कसं ओळखायचं? ज्यांनी नोंद बंद केली, त्यांनी गूगलवर काहीतरी वेगळंच शोधावं, समजा ‘जवसाची चटणी’. मग My Activity उघडून पाहावं. चटणी तिथे दिसली, तर एक तर नोंद चालूच आहे, नाहीतर तुम्ही दुसऱ्याच खात्यात आहात. आणखी एक. क्रोमवर आपण जे पाहतो त्याची वेगळी यादी त्या फोनमध्येच राहते. खात्यातली नोंद बंद केली म्हणून ती बंद होत नाही. क्रोमच्या तीन टिंबांत History आहे, तिथून ती वेगळी पुसावी लागते.

आता Timeline कडे वळू. ही चालू असेल तर आपण कोणत्या दिवशी कुठे होतो, किती वेळ होतो हे नकाशावर दिसतं. पूर्वी ही नोंद गूगलकडे साठवली जायची. २०२४ पासून ती फोनमध्येच ठेवायला सुरुवात झाली. म्हणजे फोन ज्याच्या हातात आणि उघडा, त्याला ती पाहता येते. ती बंद केल्याने नकाशावर रस्ता विचारणं थांबत नाही.

पण Timeline बंद म्हणजे ठिकाणाची सगळी नोंद बंद, असं समजू नका. २०१८ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं, की लोकांनी ठिकाणाची नोंद बंद केली तरी Web & App Activity मधून ठिकाण साठवलं जातच होतं. त्यावरून अमेरिकेतल्या चाळीस राज्यांनी चौकशी केली आणि २०२२ मध्ये गूगलने ३९ कोटी १५ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. तिकडच्या शिकल्यासवरल्या लोकांनाही एक बटण दाबलं की झालं असंच वाटलं होतं. म्हणून दोन्ही बटणं बघायची.

याहून वेगळी गोष्ट म्हणजे Location sharing. गूगल मॅप्स उघडा, गोल चित्रावर बोट ठेवा, तिथे हे नाव दिसेल. आत तुमचं ठिकाण ज्याला दिसतं असं एखाद्याचं नाव असेल तर तो माणूस तुम्ही आत्ता कुठे आहात ते पाहू शकतो. Timeline बंद असली तरी पाहू शकतो. ते तुम्ही स्वतः ठेवलं असेल तर ठीक. पण माहीतच नव्हतं असं असेल, आणि घरात धाक किंवा मारहाण असेल, तर लगेच बंद करू नका. अचानक बंद झालेलं आणि पुसलेलं समोरच्याच्या लक्षात येतं. आधी विश्वासातल्या बाईशी बोला किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर विचारा.

शेवटी जाहिराती. Data & privacy मध्येच खाली My Ad Centre आहे. आत Customise ads आणि त्यात Sensitive असा भाग आहे. तिथे दारू, जुगार, डेटिंग, वजन कमी करणं आणि गर्भारपण-बालसंगोपन अशा विषयांच्या जाहिराती कमी करता येतात. आमच्या ताईने गर्भारपणाचं बटण बंद केलं. तिने ते नवऱ्याला शेजारी बसवून केलं, कारण तेव्हा खातं त्याचंच होतं. त्या पानावर वरच Personalised ads चालू की बंद हेही असतं. ते बंद केलं की आपल्या नोंदींवरून जाहिराती निवडणं थांबतं. पण आधी Sensitive बघा, मग ते बंद करा.

जाहिराती मात्र थांबणार नाहीत. तेवढ्याच येतील, फक्त समोर चाललेला व्हिडिओ आणि ढोबळ ठिकाण पाहून येतील. कमी केलेला विषयही कधीतरी एखाद्या वेळेस दिसेल. आणि हे सगळं गूगल आणि यूट्यूबपुरतं आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, खरेदीची अॅप यांच्या वह्या वेगळ्या. ती बटणं त्यांच्या त्यांच्या सेटिंगमध्येच सापडतील.

ताईच्या घरी आता तीन फोन आणि तीन खाती आहेत. पुसायच्या आधी मी सासूबाईंना तिन्ही फोनमधला तो एकच ईमेल दाखवला होता. त्या बराच वेळ बघत बसल्या. मग सुनेला म्हणाल्या, “अगं, मला वाटलं तू माझ्यापासून लपवतेस. फोनच चुगली करत होता म्हणायचा.” त्या दिवशी दोघी पहिल्यांदा दवाखान्यात बरोबर गेल्या.

तर या बैठकीला आपापला फोन चार्ज करून आणा. आधी फक्त तो गोल उघडून ईमेल वाचू, मग पुढचं एकेक करू.