कुलमुखत्यारपत्र: दिलेला अधिकार परत घेताना
कुलमुखत्यारपत्राने तुमची मालकी जात नाही. तुमच्या वतीने सही करण्याचा अधिकार तेवढा दिला जातो. त्याचा अर्थही काटेकोरपणे लावतात: ‘फ्लॅट भाड्याने देणे, भाडे वसूल करणे’ एवढेच लिहिले असेल, तर मुखत्याराला तो विकता येत नाही. मग रद्द करायची घाई कशाला, असे वाटेल. पण कुलमुखत्यारपत्रात ‘विक्री करणे’ असेल, तर ते रद्द करायचे नुसते मनात ठरवून भागत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 208 नुसार अधिकार संपल्याचे मुखत्याराला कळेल तेव्हा त्याच्यापुरता आणि त्रयस्थाला कळेल तेव्हा त्याच्यापुरता तो संपतो. म्हणून रद्दपत्र करून दोघांनाही लेखी कळवा, मूळ कागद परत घ्या. मात्र त्या मालमत्तेत मुखत्याराचाच हितसंबंध असेल, तर रद्द करण्याच्या आड कलम 202 येते. तिथे आधी वकिलाला विचारा.