शीर्षकाची भिंत

कादंबरी छापायला जाण्याआधी लेखक, प्रकाशक आणि मुखपृष्ठकार यांच्यात जी बोलणी होतात, त्यांत आता एक नवा कागद आला आहे. चित्र तयार करणाऱ्या संगणकीय साधनाला चार-सहा वाक्यांचा मजकूर द्यायचा, म्हणजे प्रॉम्प्ट लिहायचा, आणि आलेलं चित्र समोर ठेवून मुखपृष्ठाची कल्पना पक्की करायची. पुढे तेच चित्र छापायचं की चित्रकाराकडून नव्याने रंगवून घ्यायचं, हा नंतरचा प्रश्न. या मजकुराने दोन कामं करायची असतात. पुस्तक कोणत्या जातीचं आहे ते वाचकाला लांबूनच कळलं पाहिजे आणि मराठी अक्षरांना मोकळी, स्वच्छ जागा मिळाली पाहिजे. पहिलं काम अवघड वाटतं, पण खरी फसगत दुसऱ्यात होते.

उदाहरणासाठी एक कादंबरी कल्पू. नाव ‘दुसरा पूर’. सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. २००५च्या कृष्णेच्या पुरात थोरला भाऊ बेपत्ता झाला. २०१९चा पूर त्याहून मोठा, आणि तो ओसरल्यावर धाकटा भाऊ घर उघडायला येतो तेव्हा जुनं प्रकरण पुन्हा वर येतं. रहस्यकथा आहे, पण संथ चालीची. रक्त, पिस्तूल, पाठलाग असलं काही तीत नाही.

घाईत लिहिलेला प्रॉम्प्ट बहुधा असा असतो:

```
सांगलीच्या पुरावरील रहस्यमय मराठी कादंबरीचं
मुखपृष्ठ. गूढ, थरारक वातावरण. वर शीर्षकासाठी
जागा सोडा. कोणतीही अक्षरं नकोत.
```

यातून येणारं चित्र साधारण ठरलेलं असतं. काळंनिळं आकाश, वीज, पाठमोरा माणूस, हातात कंदील. पाणी निळसर आणि आरशासारखं, घरं राजस्थानी हवेलीची नाहीतर केरळच्या खाडीकाठची. आणि वर, जिथे जागा मागितली होती तिथे, देवनागरीसारखी दिसणारी पण कोणालाच वाचता न येणारी अक्षरं: शिरोरेषा मध्येच तुटलेली, जोडाक्षरांचा चिखल झालेला. अक्षरं नकोत असं लिहूनही ती येतात, कारण ‘मुखपृष्ठ’ हा शब्दच ती ओढून आणतो. ज्या असंख्य चित्रांवरून हे साधन घडलं, त्यांतल्या मुखपृष्ठांवर अक्षरं होतीच. शिवाय, अमुक नको असं सांगितलं तरी त्या वस्तूचं नाव मजकुरात पडतं, आणि अनेक साधनं नकार सोडून नाव तेवढं उचलतात. म्हणून मुखपृष्ठासाठी लिहिताना ‘मुखपृष्ठ’, ‘शीर्षक’, ‘पुस्तक’ हे तिन्ही शब्द गाळावेत. उभं, पानभर रंगचित्र एवढंच मागावं. काही साधनांत नको असलेल्या गोष्टी लिहायला वेगळा रकाना असतो. नकार लिहायचेच असतील तर तिथे लिहावेत.

‘जागा सोडा’ हेही असंच फसवं. रिकामी जागा मागितली की कधी पांढरा चौकोन येतो, कधी कोरी पाटी, कधी जुन्या कागदाची गुंडाळी. चित्रात रिकामं असं काही नसतं; तिथे कोणता तरी पृष्ठभाग असतो. आभाळ, भिंत, धुकं, नांगरलेलं रान, पसरलेलं लुगडं, काहीही. मग त्या पृष्ठभागाचं नाव घ्यावं, त्याचा रंग सांगावा, त्यावर उजेड कसा पडला आहे ते सांगावं. अक्षरांची जागा कल्पनेतच घरासारखी बांधावी लागते, आणि हे ज्याला जमलं त्याचं अर्धंअधिक काम झालं, असं माझं ठाम मत आहे.

‘दुसरा पूर’साठी ती जागा गोष्टीतच तयार आहे. पूर ओसरला की भिंतीवर रेघ राहते. रेघेखाली गाळाचा तपकिरी थर, वर कोरडा चुना. शीर्षक त्या कोरड्या चुन्यावर बसवायचं. पुराने जिथे हात लावला नाही तेवढीच जागा पुस्तकाच्या नावाला मिळते. यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आता ‘गूढ’ आणि ‘थरारक’ यांचं काय करायचं? विशेषणांतून साधनाला ठरीव चित्रच आठवतं. त्याऐवजी उजेड, वस्तू आणि अंतर लिहावं. रहस्य दाखवायला एकच विसंगती पुरते. सगळं गाळाने माखलं आहे आणि पायरीवर कोरड्या, स्वच्छ चपलांचा जोड आहे. म्हणजे पाणी ओसरल्यावर कोणी तरी आलं आहे, आणि दार तर बंद आहे. उजेड ढगाळ दिवसाचा, सावली न पडणारा. रात्र आणि वीज यांनी भयकथेचा भास होईल. पुन्हा लिहिलेला प्रॉम्प्ट असा:

```
उभं, पानभर रंगचित्र, जलरंग. पश्चिम महाराष्ट्रातल्या
जुन्या घराची भिंत, अगदी समोरून. वरचा निम्मा भाग:
फिकट, एकसारखा, कोरडा चुना. त्याखाली पुराच्या
गाळाची आडवी, सरळ कड; खालची भिंत ओल्या
तपकिरी गाळाने माखलेली. खालच्या भागात बंद, जुनं
निळं लाकडी दार, चौकटीसकट गाळाच्या कडेखाली.
दाराच्या कडीच्या उंचीवर भिंतीवर एक जुनी, पुसट
लाल रेघ. दगडी पायरीवर गाळ; त्यावर कोरड्या,
स्वच्छ चामडी चपलांचा एक जोड. ढगाळ दुपार,
सावलीविना सपाट उजेड.
```

पुसट लाल रेघ म्हणजे २००५च्या पाण्याची खूण, घरच्यांनी ऑइलपेंटने मारलेली. नवी कड तिच्याहून वर आहे. रेघेशेजारी साल लिहिण्याचा मोह टाळायचा, कारण आकडेही साधन अनेकदा वेडेवाकडे काढतं. वाचकाला दोन रेघा पुरतात.

हीच भिंत ठेवून पुस्तकाची जात बदलता येते, आणि मोजकेच शब्द किती काम करतात ते तिथे दिसतं. दार बोटभर उघडं, आत पूर्ण काळोख, वेळ तिन्हीसांजेची, नजर पायरीच्या उंचीवरून वर जाणारी असं लिहिलं, की ती भयकथा होते. दार सताड उघडं, पायरीवर वाळत घातलेली भांडी आणि दोरीवर गोधडी असं लिहिलं, की ती कुटुंबाची कादंबरी. मराठी वाचकाला हे वाचायची सवय जुनी आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या पिढीने मुखपृष्ठावरून पुस्तकाचा स्वभाव ओळखायला लोकांना शिकवलं. त्यांच्यासारखं चित्र हवं म्हणून प्रॉम्प्टमध्ये एखाद्या चित्रकाराचं नाव मात्र घालू नये, हयात चित्रकाराचं तर नाहीच. त्याने जन्मभर कमावलेली शैली न विचारता उचलणं चुकीचंच आहे.

मजकुरात ‘वरचा निम्मा भाग’ का लिहिला, तर ही साधनं फूटपट्टीने मोजत नाहीत. निम्मा मागितला की दोन पंचमांशाच्या आसपास हाती लागतो, आणि आपल्याला तेवढाच हवा आहे. डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असतं. त्याचे दोन पंचमांश म्हणजे ३.४ इंच. ‘दुसरा पूर’ एका ओळीत बसवलं तर अक्षरं बारीक होतात, म्हणून दोन ओळी: वर ‘दुसरा’, खाली ‘पूर’. आणि इथे देवनागरीचा हिशेब सुरू होतो. ‘दु’चा उकार खाली लोंबतो आणि दुसऱ्या ओळीच्या शिरोरेषेवर टेकतो. ‘पू’चा दीर्घ उकार आणखी खाली जातो. ओळींमध्ये ऐसपैस अंतर ठेवावंच लागतं, आणि वरच्या एक तृतीयांशात, म्हणजे २.८ इंचांत, लेखकाच्या नावासकट हे सगळं नीट मावत नाही. नावात वेलांटी, मात्रा, रफार असतील तर वरच्या बाजूलाही तेवढीच सोय हवी. म्हणून नाव पक्कं झाल्याशिवाय प्रॉम्प्ट लिहू नये, आणि ते कागदावर हाताने दोन ओळींत लिहून पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही.

या चित्रात एक खास धोका आहे. गाळाची कड आडवी आणि शिरोरेषाही आडवी. कड अक्षरांच्या फार जवळ आली तर ती तिसऱ्या ओळीची शिरोरेषा वाटते आणि डोळा खाली नसलेली अक्षरं शोधू लागतो. ‘पू’च्या उकारापासून कडेपर्यंत निदान अर्धा इंच मोकळा राहिला पाहिजे. कड थोडी तिरकी करून सुटका होणार नाही. पाण्याची रेघ सरळच असते आणि सांगलीचा वाचक ते लगेच ओळखेल.

चित्र आलं की आधी ते टपाल तिकिटाएवढं करून पाहावं, कारण ऑनलाइन दुकानात ते तेवढंच दिसतं. मग रंग काढून करड्या छटांत पाहावं. भिंतीवर काळं शीर्षक ठेवावं, मग गडद तपकिरी. दोन्ही वेळा ते एका नजरेत वाचता आलं तर भिंत खरोखर सपाट आहे. बहुतेक वेळा तसं होत नाही. साधनाला रिकामी भिंत सोसत नाही. ते तिच्यावर पोपडे, भेगा, वेल, खिडकी काहीबाही घालतं, आणि नेमकी एक भेग अक्षराच्या कान्याशेजारी उभी राहून दुसऱ्या कान्याचा भास देते. अशा वेळी सगळं चित्र नव्याने मागण्यापेक्षा तेवढाच भाग पुसून घ्यावा.

छपाईचा हिशेब वेगळा. साधनाकडून १०२४ बाय १५३६ ठिपक्यांचं चित्र मिळालं, तर कटिंगसाठी चोहोबाजूंनी सोडायच्या तीन मिलिमीटरांसह ते डेमी पानावर ताणताना इंचाला जेमतेम पावणेदोनशे ठिपके पडतात. छापखान्याला तीनशे हवे असतात. ठिपके वाढवणारी साधनं आहेत, पण ती चपलांचे अंगठे बिघडवतात, हे प्रूफावर तपासावं. शिवाय पडद्यावर उजळ दिसणारा ओला तपकिरी रंग कागदावर, त्यातही मॅट लॅमिनेशनखाली, काळपट पडतो आणि लाल रेघ बुजते. खालचा भाग पडद्यावर थोडा फिका वाटेल इतका उजळ ठेवावा.

अक्षरं मात्र माणसानेच लावावीत. कमल शेडग्यांनी नाटकांची नावं हाताने रेखून अक्षरांनाच त्या नाटकाचा स्वभाव दिला. ते काम यंत्राच्या मजकुरात मागून मिळत नाही. प्रकाशकांना माझी विनंती एवढीच आहे. चित्र साधनाकडून घेतलं असेल तर श्रेयपानावर तसं स्पष्ट छापा, आणि ‘मुखपृष्ठ’ या शब्दापुढे ज्याने ती भिंत शोधली आणि जो अक्षरं लावायला बसला, त्याचं नाव द्या.