वॉचडॉग टायमर कधी वाचवतो, कधी अडकवतो

शेतातल्या विहिरीवरचा पंप चालू-बंद करणारा छोटा कंट्रोलर मध्यरात्री गोठला, तर त्याचं बटण दाबायला तिथं कोणी नसतं. त्यासाठीच मायक्रोकंट्रोलरच्या चिपमध्ये वॉचडॉग टायमर असतो. तो उलटी मोजणी करतो. प्रोग्रामने ठरलेल्या वेळेत ती पुन्हा सुरुवातीला नेली नाही, म्हणजेच वॉचडॉगला 'फीड' केलं नाही, तर तो चिप रीसेट करतो. आर्डुइनो नॅनोवर असलेल्या ATmega328P चिपमध्ये ही मुदत साधारण 16 मिलिसेकंदांपासून 8 सेकंदांपर्यंत ठेवता येते.

मुदत ठरवताना दोन बाजूंनी विचार करावा लागतो. प्रोग्रामची एक फेरी सगळं सुरळीत असतानाही जास्तीत जास्त किती वेळ घेते, त्याहून मुदत बरीच मोठी हवी. दुसरीकडे, प्रोग्राम अडकलेला असताना पंप किती वेळ तसाच चालू राहिला तर चालेल, त्याहून ती लहान हवी. आपल्या कंट्रोलरमध्ये पाण्याची पातळी वाचणं आणि रिले हाताळणं पटकन होतं. अडचण येते ती एसएमएस पाठवताना, कारण जीएसएम मोडेमचं उत्तर यायला कधी मिनिटभरही लागू शकतं. 8 सेकंदांत हे बसणार नाही. म्हणून उत्तराची वाट पाहत एका जागी थांबायचंच नाही. आज्ञा पाठवून पुढं जायचं आणि उत्तर आलं का, हे प्रत्येक फेरीत पाहायचं. मग सर्वांत लांबलेली फेरी समजा 400 मिलिसेकंदांची झाली, तर 2 सेकंदांची मुदत योग्य ठरते. इतकं अंतर मुद्दाम ठेवायचं, कारण वॉचडॉगचं स्वतंत्र घड्याळ तापमान आणि व्होल्टेजप्रमाणे थोडं पुढे-मागे होतं.

फीड कुठून करायचं, यात सर्वाधिक चुका होतात. काहीजण ते टायमर इंटरप्टमध्ये टाकतात. मुख्य प्रोग्राम अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो, वॉचडॉगला फीड मिळत राहतं आणि पंप मात्र बेवारस होतो. काहीजण जिथं वेळ लागतो तिथं तिथं `wdt_reset()` पेरत जातात. मग नेमक्या त्याच जागी अडकलेला प्रोग्राम वॉचडॉगला दिसत नाही. फीड करण्याची जागा एकच असावी, मुख्य फेरीच्या शेवटी. पातळी, पंपाचं संरक्षण आणि मोडेम या तीन कामांनी आपापली खूण केली असेल, तरच तिथं फीड करायचं:

```c
if (kame == 0b111) {
  wdt_reset();
  kame = 0;
}
```

मोडेमने उत्तराची वाट पाहतानाही खूण करावी, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंतच.

आता उलटा प्रसंग पाहू. वॉचडॉग एकदा चालला आणि त्यानंतर बोर्ड सतत रीसेटच होत राहिला. एलईडी भराभर लुकलुकतो, पण पंपाचा प्रोग्राम सुरूच होत नाही. वीज काढून पुन्हा दिली की सगळं ठीक. ही खूण बोलकी आहे. या चिपमध्ये वॉचडॉगने रीसेट केल्यावरही तो चालूच राहतो आणि मुदत सर्वांत लहान, सुमारे 16 मिलिसेकंद, होते. काही जुन्या नॅनो बोर्डांवरचा बूटलोडर वॉचडॉग बंद करत नाही आणि त्याहून जास्त वेळ घेतो. त्यामुळे आपल्या प्रोग्रामची पहिली ओळ येण्याआधीच पुढचा रीसेट होतो. इथं आपला कोड कितीही सुधारला तरी उपयोग नाही. बूटलोडर बदलून ऑप्टिबूट टाकावा लागतो.

बूटलोडर ठीक असेल, तर `setup()` च्या सुरुवातीलाच या ओळी हव्यात:

```c
uint8_t karan = MCUSR;
MCUSR = 0;
wdt_disable();
```

हा क्रम बदलू नये. रीसेटची `WDRF` ही खूण पुसल्याशिवाय वॉचडॉग बंद होत नाही. सगळी तयारी झाल्यावर `wdt_enable(WDTO_2S)` ने तो पुन्हा चालू करायचा.

`karan` मध्ये साठवलेली किंमत निदानाच्या कामी येते. `WDRF` असेल तर वॉचडॉगने रीसेट केलं. `BORF` असेल तर व्होल्टेज खाली गेलं होतं. जीएसएम मोडेम क्षणभर 2 अँपिअरपर्यंत करंट ओढू शकतो, म्हणून अशा वेळी दोष प्रोग्रामऐवजी वीजपुरवठ्यात शोधावा. काही बूटलोडर ही नोंद आधीच पुसून टाकतात. तेव्हा शून्य दिसलं म्हणून कारणच नव्हतं, असं समजू नये. लागोपाठ वॉचडॉग रीसेट किती झाले, हे ईईप्रॉममध्ये मोजावं. तीन झाले की पंप बंद ठेवून फक्त इशारा द्यावा.

बोर्ड शेतात बसवण्याआधी प्रोग्राममध्ये मुद्दाम `while(1);` टाकून पाहा. बोर्ड दोन सेकंदांत रीसेट होऊन प्रोग्राम पुन्हा सुरू झाला आणि तिसऱ्या रीसेटनंतर पंप बंद राहिला, तरच तो वॉचडॉग भरवशाचा.